कर, फी, दंड आणि उपकर : अकलोलीच्या चार पावत्यांवरून काही प्रश्नोत्तरे

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे तानसा नदीकाठचे गाव. तेथील उन्हाळ्यांमुळे, म्हणजे उष्णोदकाच्या कुंडांमुळे, त्याचे नाव वज्रेश्वरी व गणेशपुरी यांच्या जोडीने घेतले जाते. भातशेती करणारा खातेदार आणि स्नानासाठी येणारा यात्रेकरू असे दोन प्रकारचे लोक अशा गावात पैसे भरीत असतात. त्यांच्या हाती येणाऱ्या पावत्या दिसावयास सारख्याच असतात, पण त्यांवरील रकमांचे स्वरूप एक नसते. ग्रामसेवकांच्या प्रशिक्षण वर्गातील व माध्यमिक शाळांतील विद्यार्थी या विषयात वारंवार घोटाळ्यात पडतात. त्यांना पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उदाहरणातील रकमा हिशेब समजावा म्हणून धरलेल्या आहेत. त्या कोणा खातेदाराच्या नव्हेत.

प्रश्न : सरकारला किंवा पंचायतीला दिलेला प्रत्येक पैसा हा करच नव्हे काय?

उत्तर : नव्हे. बोलताना आपण सर्वच रकमांना 'पट्टी' म्हणतो आणि त्यामुळेच घोटाळा होतो. कर म्हणजे कायद्याच्या आधारे सक्तीने घेतलेली, सार्वजनिक कामासाठी वापरावयाची आणि देणाऱ्याला अमुक वस्तू वा सेवा परत मिळेल असे वचन नसलेली रक्कम. घरपट्टी घ्या. घराच्या व जागेच्या भांडवली मूल्यावर ती आकारली जाते. घरमालकाने वर्षभर पंचायतीच्या रस्त्यावर पाऊल टाकले नाही तरी ती चुकत नाही, आणि दुप्पट घरपट्टी भरणाऱ्याच्या दारापुढे दुप्पट रुंद रस्ता करून मिळत नाही. हा कर.

फी, म्हणजेच शुल्क, याची गोष्ट वेगळी आहे. तेथे देणाऱ्याला किंवा तो ज्या वर्गात मोडतो त्या वर्गाला काही विशेष सेवा, सोय किंवा परवानगी मिळते आणि तिच्या खर्चासाठी रक्कम घेतली जाते. पंचायतीच्या गाडीतळावर वाहन उभे करणाऱ्याने तळाची फी भरावयाची. पायी आलेल्याने ती भरण्याचे कारण नाही. यात्रा कर मात्र ग्रामपंचायतीने बसविला असेल तर यात्रेकरूने तो द्यावा लागतो, मग तो कुंडात उतरो वा न उतरो. एकाच यात्रेकरूच्या खिशातून एकाच दिवशी निघालेल्या या दोन रकमा आहेत, आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये त्या स्वतंत्रपणे सांगितल्या आहेत. यात्रेवरील कर वेगळा, गाडीतळाची व बाजाराची फी वेगळी.

प्रश्न : पाणीपट्टी ही कर की फी?

उत्तर : हा प्रश्न परीक्षेत विचारण्याजोगा आहे, कारण याचे एका शब्दात उत्तर देणारा विद्यार्थी हमखास चुकतो. त्याच कलमात पाणीपट्टी दोन प्रकारची आहे. एक सामान्य पाणीपट्टी. ती घरे व जमिनी यांवर आकारणी करून बसविता येते. गावात विहीर आहे, सार्वजनिक नळकोंडाळे आहे, त्यांची देखभाल पंचायत करते आणि तो भार सर्वांवर वाटला जातो. माझ्या घरची माणसे नदीवरून पाणी आणतात, म्हणून मी ही पट्टी देणार नाही, असे येथे म्हणता येत नाही. दुसरी विशेष पाणीपट्टी. ती पंचायतीने नळाने दिलेल्या पाण्याबद्दल असते आणि पाण्याच्या आकाराच्या स्वरूपातही घेता येते. ज्याच्या घरी नळजोडणी नाही त्याला ती लागत नाही.

पहिली कराच्या जातीची आणि दुसरी फीच्या जातीची. नाव एक, पण प्रकृती दोन. म्हणून पावतीवर नुसते 'पाणीपट्टी' असे लिहिले असेल तर ती सामान्य की विशेष, हे आधी पाहावे. गावात तक्रार येते तेव्हा बहुधा हाच भेद न लिहिल्यामुळे येते. नळ नसलेल्या घराच्या नावे विशेष पट्टीची मागणी निघते, किंवा नळ नाही म्हणून कोणी सामान्य पट्टी नाकारतो. पहिल्या बाबतीत पंचायतीची चूक असते, दुसऱ्या बाबतीत घरमालकाची.

प्रश्न : दंड आणि फी यांत काय अंतर? दोन्ही रकमा काही कृत्य केल्यावरच द्याव्या लागतात.

उत्तर : अंतर कृत्याच्या स्वरूपात आहे. एका गाईचेच उदाहरण घेऊ. पंचायतीच्या गायरानात गुरे चारावयाची असतील तर पंचायत चराई फी घेऊ शकते. फी भरली की चारणे हे कायदेशीर कृत्य होते. तीच गाय रात्री दावे तोडून शेजाऱ्याच्या उभ्या भातात शिरली आणि कोंडवाड्यात गेली, तर मालकाला ती सोडवून आणताना दंड भरावा लागतो. तो भरल्याने शेजाऱ्याचे भात खाणे कायदेशीर ठरत नाही, आणि उद्या पुन्हा गाय तेथे सोडण्याचा परवाना मिळत नाही. फी ही मान्य असलेल्या गोष्टीची किंमत, तर दंड हा मनाई असलेल्या गोष्टीचा परिणाम.

कोंडवाड्याच्या पावतीत आणखी एक बारकावा आहे. गुरांच्या अतिक्रमणाबाबतच्या १८७१ च्या कायद्यात गुरांवरील दंड आणि कोंडलेल्या काळातील चाऱ्यापाण्याचा खर्च, म्हणजे खोराकी, या दोन वेगळ्या बाबी ठेवल्या आहेत. दंड अपराधाबद्दल आणि खोराकी गाईला घातलेल्या चाऱ्याबद्दल. गाय एक दिवस राहिली काय आणि चार दिवस राहिली काय, अतिक्रमण एकदाच झाले. खोराकी मात्र दिवसागणिक वाढते. मालकाने एकाच वेळी एकूण रक्कम मोजली तरी तिच्या पोटात एक दंड आणि एक खर्चवसुली असते. ज्या पावतीत ही फोड नसते ती पावती तपासण्याच्या दृष्टीने निरुपयोगी समजावी.

दंडाच्या बाबतीत दुसरी खूण अशी की दंडाचा हेतू पैसा मिळविणे हा नसतो. कोंडवाडा वर्षभर रिकामा राहिला तर तो कायदा फसला असे नव्हे, उलट तो पाळला गेला असे म्हणावे. घरपट्टी वर्षभर वसूल झाली नाही तर मात्र पंचायतीचा कारभार अडतो. ज्या पंचायतीच्या अंदाजपत्रकात दंडाचे उत्पन्न दरवर्षी नेमाने वाढवून धरलेले दिसते तेथे काही बिनसले आहे असे या लेखकाचे मत आहे.

प्रश्न : मुदतीत घरपट्टी न भरल्यास जी जादा रक्कम लागते ती कर की दंड?

उत्तर : ती मूळ कराचा भाग नव्हे, विलंबाबद्दलची शास्ती होय. जमीन महसुलाचेही तसेच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १७४ प्रमाणे हप्ता ठरल्या तारखेनंतर एक महिन्यातही पूर्ण भरला नाही तर, जाणूनबुजून थकविणाऱ्या खातेदारावर जिल्हाधिकारी थकलेल्या रकमेच्या चतुर्थांशापर्यंत शास्ती बसवू शकतात. मात्र दुष्काळामुळे किंवा अन्य कारणाने हप्त्याची वसुली तहकूब झालेली असेल तर त्या हप्त्यावर अशी शास्ती बसत नाही. सारा तोच, जमीन तीच, पण कसूर नसल्यास दंडही नाही.

प्रश्न : उपकर म्हणजे लहान कर काय?

उत्तर : 'उप' या अक्षरांवरून तसे वाटते खरे, पण आकाराशी त्याचा संबंध नाही. उपकर म्हणजे एखाद्या विशिष्ट कामासाठी किंवा संस्थेसाठी बसविलेला कर. तो पुष्कळदा दुसऱ्या कराच्या पायावर उभा असतो. मूळ कराच्या प्रत्येक रुपयामागे इतके पैसे, अशी त्याची मोजणी होते. इंग्रजीतील 'सेस' हा शब्द मुळात आकारणी या अर्थाच्या 'असेस' या शब्दाचा तुटलेला तुकडा आहे.

अकलोलीच्या खातेदाराला तो गाव नमुना आठ-अ मध्ये भेटतो. या उताऱ्यात जमिनीच्या आकारणीचा रकाना असतो आणि त्यापुढे स्थानिक उपकराचे रकाने असतात, एक जिल्हा परिषदेचा आणि एक ग्रामपंचायतीचा. ग्रामपंचायतीचा उपकर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२७ खाली जमीन महसुलाच्या दर रुपयास शंभर पैसे, म्हणजे रुपयाला रुपया, असा आहे. जिल्हा परिषदेचा उपकर जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ खाली येतो आणि त्याचा दर त्या कायद्याप्रमाणे ठरतो व वाढविता येतो.

आता हिशेब करू. समजा, एका खातेदाराची वर्षाची आकारणी ८ रुपये आहे आणि जिल्हा परिषदेच्या उपकराचा दर, उदाहरणापुरता, रुपयामागे २ रुपये धरला. मग जमीन महसूल ८ रुपये, जिल्हा परिषदेचा उपकर १६ रुपये आणि ग्रामपंचायतीचा उपकर ८ रुपये, मिळून ३२ रुपये. खातेदार घरी जाऊन सांगतो, 'बत्तीस रुपये सारा भरला.' वस्तुतः त्याने सारा आठच रुपये भरला. उरलेले चोवीस रुपये उपकराचे आहेत, आणि ते ज्या मूळ करावर बसले त्याच्या तिप्पट आहेत. उपकर लहान असतो हा समज येथेच खोटा ठरतो.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. बत्तीसही रुपये वसूल करतो तलाठीच, म्हणजे २०२४ पासूनच्या नव्या नावाने ग्राम महसूल अधिकारी. पण ते जातात तीन ठिकाणी. तेव्हा पैसा कोण घेतो यावरून त्याचे स्वरूप ओळखू नये. तो कोणत्या कायद्याखाली घेतला आणि कोठे जमा होतो, हे विचारावे.

प्रश्न : उपकराचा पैसा त्याच कामी लागतो याची खात्री काय?

उत्तर : हा प्रश्न जुना आहे. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा असा लोकल फंडाचा उपकर सुरू झाला आणि १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के रूप मिळाले. त्याचे दोन भाग रस्ते वगैरे कामांना आणि एक भाग शाळांना, अशी वाटणी होती. आणा देणारा शेतकरी होता. तरी त्याच्या मुलांसाठी शाळा किती निघाल्या, हा वादाचा मुद्दा झाला. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या श्रमातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण मागे राहते, हे त्यातील एक मुख्य गाऱ्हाणे होते.

आजही तेच पाहावयाचे असते. कर सामान्य तिजोरीत गेला की तो कोणत्याही सार्वजनिक कामी लावता येतो. उपकराच्या नावात मात्र काम सांगितलेले असते, म्हणून त्याचा हिशेब नावाशी ताडून मागता येतो. केंद्र सरकारने १ जून २०१६ पासून सेवांवर अर्धा टक्का कृषी कल्याण उपकर घेतला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तो बंद झाला. २०२१ च्या अर्थसंकल्पाने कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आणला. केंद्राच्या अशा उपकरांचा आणखी एक परिणाम आहे. संविधानाच्या अनुच्छेद २७० प्रमाणे केंद्रीय करांतून राज्यांना वाटा मिळतो, पण विशिष्ट कामासाठी बसविलेले उपकर त्या वाटणीत येत नाहीत. दोन्ही रकमा एकाच मालाच्या किमतीतून निघाल्या तरी करातील रुपयाचा अंश महाराष्ट्राच्या तिजोरीत येतो, उपकरातील रुपयाचा येत नाही.

प्रश्न : बाजार समितीत 'सेस' कापतात. तो उपकरच ना?

उत्तर : आवारात सर्वजण त्याला सेस म्हणतात, व्यापाऱ्यांच्या वह्यांतही तोच शब्द असतो. परंतु महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यात, कलम ३१ मध्ये, ती 'फी' आहे, आणि ती खरेदीदाराकडून घ्यावयाची आहे. हा भेद शेतकऱ्याने नीट लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपण भात विकावयास नेले आणि हिशेबपट्टीत बाजार फी आपल्या नावे वजा झालेली दिसली, तर ती खरेदीदाराची देणी आपल्या माथी मारली असा त्याचा अर्थ. हमाली, तोलाई या बाबी निराळ्या आहेत. त्या समितीच्या उपविधींप्रमाणे तपासाव्यात, फीत मिसळू नयेत.

ती फी आहे म्हणून तिला एक मर्यादाही आहे. पंजाब व हरियाणा येथे बाजार फी शेकडा दोन रुपयांवरून तीन रुपयांवर नेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये केवल कृष्ण पुरी यांच्या खटल्यात दोन रुपयांपर्यंतची फी राखली आणि तिसरा रुपया फेटाळला. बाजाराच्या पैशातून फरीदकोटच्या वैद्यकीय महाविद्यालयाला मोठी देणगी देण्यात आली होती. महाविद्यालय हे चांगलेच काम, पण ते बाजारात माल घेणाऱ्या-विकणाऱ्यांची विशेष सेवा नव्हे. फीचा बराच मोठा भाग ती देणाऱ्या वर्गाच्या सेवेवर खर्च झाला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १९८३ मधील आंध्र प्रदेशाच्या एका खटल्यापासून ही कसोटी सैल झाली. पैशापैशाचा मेळ आता मागितला जात नाही, सर्वसाधारण संबंध असला म्हणजे पुरतो. तेव्हा 'मला स्वतःला काय मिळाले' एवढ्याच युक्तिवादावर आज फी रद्द होत नाही.

प्रश्न : कायद्यात 'वर्गणी' किंवा 'अंशदान' असा शब्द असेल तर ते काय समजावे?

उत्तर : नावावर जाऊ नये. मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन दिवसांच्या अंतराने दिलेले दोन निकाल यासाठी वाचण्यासारखे आहेत. मद्रास राज्यात देवस्थाने व मठ यांच्याकडून त्यांच्या उत्पन्नावर वार्षिक अंशदान घेतले जाई. शिरूर मठाच्या खटल्यात न्यायालयाने पाहिले की हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि सेवेच्या खर्चाशी त्याचा मेळ नाही. म्हणून तो कर ठरला, आणि असा कर बसविण्याचा अधिकार त्या राज्याला नसल्यामुळे रद्द झाला. त्याच सुमारास आपल्याकडील १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमातील अंशदान रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात न्यायालयापुढे आले. येथे पैसा विश्वस्तव्यवस्थांच्या प्रशासनासाठी ठेवलेल्या स्वतंत्र निधीत जमा होत होता आणि त्या कारभारावरच खर्च होत होता. ते फी ठरले आणि टिकले. नाव दोन्हीकडे अंशदानच, दोन्ही सक्तीची, दोन्ही देवस्थानांकडून घेतलेली. फरक पडला तो पैसा कोणत्या निधीत गेला यावरून.

गावातील लोकवर्गणी हा याहून वेगळा प्रकार. नळयोजनेसाठी किंवा शाळेच्या भिंतीसाठी लोकांनी राजीखुशीने दिलेली रक्कम ही कर नव्हे, फी नव्हे, उपकरही नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येत नाही. म्हणून वर्गणी न देणाऱ्याला मागणीबिल देता येत नाही, त्याच्या घरपट्टीच्या थकबाकीत ती दाखविता येत नाही आणि तिच्यासाठी जप्ती तर नाहीच नाही.

प्रश्न : ग्रामसेवकाने दप्तरात हा भेद कोठे पाहावा?

उत्तर : ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये कर आकारणीची नोंद असते, नमुना ९ मध्ये मागणीची, आणि कर व फी यांची पावती नमुना १० वर दिली जाते. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर व सामान्य पाणीपट्टी यांची मागणी वर्षाच्या आरंभीच ठरलेली असते, म्हणून त्या रकमा पावतीआधी आकारणीच्या वहीत सापडल्या पाहिजेत. गाडीतळाची किंवा बाजाराची फी तशी आधी कोणाच्या नावे लिहून ठेवता येत नाही, कारण कोण येईल हे ठाऊक नसते. पण तिचा दर पंचायतीच्या ठरावात आणि दरफलकावर असला पाहिजे. दंडाच्या पावतीवर कोणत्या कृत्याबद्दल व कोणत्या कलमाखाली, हे लिहिलेले हवे.

समजा, एका घरमालकाच्या पावतीवर चार ओळी आहेत : घरपट्टी ६०० रुपये, सामान्य पाणीपट्टी २०० रुपये, विशेष पाणीपट्टी ९०० रुपये आणि 'इतर' १०० रुपये. पहिल्या दोन नमुना ८ शी ताडाव्यात. तिसरीसाठी नळजोडणीची नोंद पाहावी. जोडणी मध्येच सप्टेंबरमध्ये मिळाली असेल तर पूर्ण वर्षाची मागणी कशी निघाली, हे पंचायतीच्या ठरावावरून विचारावे. चौथी ओळ कशातच बसत नाही. ती कराची असेल तर आकारणी कोठे आहे, फीची असेल तर सेवा कोणती, दंडाची असेल तर कृत्य कोणते, आणि वर्गणी असेल तर ती या पावतीवर का आली, या चार प्रश्नांपैकी एकाचे उत्तर लेखी मिळेपर्यंत 'इतर' या शब्दाखाली पैसे भरू नयेत. ग्रामसेवकानेही ते घेऊ नयेत.